चाळीस लिटरचा रतीब आणि एकशेवीस बाटल्या

आमचा गोठा नाशिकजवळ गिरणाऱ्याला. मुऱ्हा जातीच्या चौदा म्हशी, त्यातल्या एका वेळी दहा-अकरा दुधात. सासऱ्यांच्या काळापासून दोन्ही वेळचं दूध गावातल्या संकलन केंद्रावर जायचं. मी आणि माझ्या दिरानं सकाळचं दूध काढून गंगापूर रोडच्या घरांना काचेच्या बाटलीतून रतीब घालायचं ठरवलं. ही हकिगत त्या कामाची. म्हशी, वैरण, धारा यांबद्दल इथे फार नाही. घरपोच रतीब म्हटलं की सगळे दुधाचा विचार करतात, पण किती घरं घेता येतील हे आमच्याकडे दुधानं ठरलं नाही. ते रिकाम्या बाटल्या किती वेगानं परत येतात त्यावर ठरलं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिला निर्णय होता सकाळचं दूध द्यायचं की संध्याकाळचं. केंद्रावर दर फॅटवर मिळतो. आमच्या धारा पहाटे सव्वाचारला आणि दुपारी साडेतीनला असतात, कारण केंद्राची गाडी त्या वेळेला येते. म्हणजे रात्रीचं अंतर जास्त आणि दिवसाचं कमी. अंतर जास्त असलं की दूध जास्त निघतं पण फॅट थोडी उतरते, अंतर कमी असलं की उलट. केंद्राच्या पावत्यांवर हा फरक वर्षानुवर्षं दिसत होता. मग सरळ विचार केला: जिथे फॅटचे पैसे मिळतात तिथे दुपारचं दूध जाऊ दे, आणि जिथे लिटरचा एकच भाव आहे तिथे सकाळचं. सकाळच्या दुधालाही म्हशीची फॅट साडेसहाच्या खाली येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला कमी काही जात नव्हतं. शिवाय ताजं दूध सकाळीच हवं असतं.

दुसरा निर्णय, किती लिटरचा रतीब बांधायचा. थंडीत आमचं सकाळचं दूध पंचावन्न लिटरपर्यंत जातं. म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत वितात, म्हणून थंडीत दूध भरपूर आणि एप्रिल-मे आला की आटलेल्या म्हशी वाढतात. मे महिन्यात सकाळचं दूध बेचाळीसच्या आसपास असतं. शहरात राहिलेलं गिऱ्हाईक मात्र मे महिन्यातही तेवढंच दूध मागतं, उलट दही-ताकासाठी जास्तच मागतं. म्हणून रतीब थंडीच्या पंचावन्नवर न बांधता मे महिन्याच्या बेचाळीसवर बांधला, आणि त्यातले दोन लिटर हातात ठेवून चाळीस. थंडीतलं वरचं दूध केंद्रावर जातं. उन्हाळ्यात कमी पडलं म्हणून बाहेरून दूध आणून बाटलीत भरायचं नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवून घेतलं होतं. लोक आपल्याकडून एका गोठ्याचं दूध म्हणून घेतात, तो शब्द पाळायचा असेल तर आकडा आधीच लहान धरावा लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अन्न सुरक्षेची नोंदणी ऑनलाइन केली, गाडीचा विमा मालवाहतुकीचा करून घेतला आणि वजनमापे विभागाचा शिक्का असलेलं लिटरचं माप घेतलं. हे माप फार उपयोगी पडलं. बाजारात 'एक लिटरची' म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत लिटरभर दूध ओतलं की ते थेट तोंडापर्यंत येतं, झाकण लावताना बाहेर सांडतं. मग भरणारा माणूस नकळत दोन बोटं कमी भरायला लागतो. मापानं पाणी ओतून पाहिलं आणि लिटर भरल्यावर मान मोकळी राहते अशीच बाटली निवडली. प्रत्येक बाटलीवर त्या रेषेला तेलरंगाची बारीक खूण केली. गिऱ्हाइकाला ती खूण दिसते, त्यामुळे मापावरून आजवर एकही बोलणं झालेलं नाही.

आता बाटल्यांचा हिशोब. चाळीस लिटर म्हणजे रोज चाळीस बाटल्या बाहेर. कागदावर दोन संच पुरतात: आज भरलेल्या चाळीस द्यायच्या, कालच्या रिकाम्या चाळीस घ्यायच्या, त्या दिवसा धुऊन उद्या भरायच्या. पण घरातल्या माणसांचं रोजचं जगणं या गणितात बसत नाही. कुणाचं कालचं दूध अजून बाटलीतच फ्रिजमध्ये असतं. कुणी बाटली धुवायची राहिली म्हणून लाजेनं देत नाही. कुणाकडे दार बंद असतं. त्यामुळे घरात एका लिटरमागे एकच बाटली राहील असं धरून चालत नाही, दोन धरायच्या. म्हणजे ऐंशी बाटल्या गिऱ्हाइकांकडे, आणि उद्या भरायला चाळीस धुतलेल्या गोठ्यावर. एकूण एकशेवीस. फुटतील त्यासाठी डझनभर वेगळ्या.

हे एकशेवीस तेव्हाच पुरतात जेव्हा घरात लिटरमागे दोनच्या वर बाटल्या साचू देत नाही. तिसरी बाटली एका घरात अडकली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी उद्याच्या दुधाची असते. अनामत नेमकी या जागी कामाला येते. आम्ही एका लिटरच्या रतीबाला दोन बाटल्यांची अनामत घेतो, बाटलीला पन्नास रुपये, म्हणजे शंभर. दोन लिटरवाल्यांची दोनशे. आमच्याकडे वीस घरं एक लिटरची आणि दहा घरं दोन लिटरची आहेत. म्हणजे ऐंशी बाटल्यांची अनामत चार हजार रुपये झाली. नियम एवढाच की रिकामी दिली तर भरलेली मिळेल. पहिले दोन दिवस रिकामी नसली तरी चालेल, कारण अनामत दोनची आहे. तिसऱ्या दिवशीही हात रिकामा असेल तर आणखी एका बाटलीचे पन्नास रुपये अनामतीत लागतात, आणि बाटली परत आली की ते परतही होतात.

पन्नासच का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. झाकणासकट बाटली आम्हाला चाळीसच्या आत पडते. अनामत बाटलीच्या किमतीएवढी किंवा त्याहून कमी ठेवली तर ती अनामत राहत नाही, लोकांच्या मनात ती विकत घेतलेली बाटली होते. चांगली जाड काचेची, रुंद तोंडाची बाटली घरात कशालाही लागते. कैरीचं पन्हं, घाण्याचं तेल, कोकमाचं आगळ, सगळं त्यात छान राहतं. किमतीपेक्षा थोडी जास्त रक्कम अडकलेली असली की बाटली परत करावीशी वाटते. फार जास्त ठेवली तर नवं गिऱ्हाईक दारातच थांबतं. एका आजींना दोनशे रुपये देणं जड जात होतं, त्यांच्याकडून पहिल्या दोन महिन्यांच्या बिलात थोडे थोडे करून घेतले.

अनामतीचे चार हजार आमचे नाहीत, हे वहीत आणि बँकेत दोन्हीकडे दिसलं पाहिजे असं मला वाटतं. मी पोस्टात वेगळं बचत खातं काढून ती रक्कम तिथेच ठेवली. भाड्यानं राहणारी कुटुंबं अचानक घर बदलतात, महिन्याच्या मध्यातही. जाताना ते बाटल्या हातात देतात आणि पैसे तिथल्या तिथे मागतात, आणि ते बरोबरच आहे. त्या वेळी चाऱ्याला खर्च झालेत, पुढच्या आठवड्यात देते, असं म्हणायची वेळ आली तर त्या सोसायटीतली उरलेली घरंही हातची जातात.

बाटली धुण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. रिकामी बाटली आली की आधी गार पाण्यानं विसळायची. थेट गरम पाणी घातलं तर दुधातलं प्रथिन काचेला चिकटून बसतं, पांढुरका पापुद्रा धरतं आणि मग घासूनही निघत नाही. गार पाण्यानंतर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून लांब दांड्याच्या ब्रशनं घासायची, दोनदा विसळायची, आणि शेवटी कडकडीत पाणी. हे पाणीही टप्प्यानंच द्यायचं. डिसेंबरच्या गारठ्यात बाहेर ठेवलेल्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं की बूड तडकतं. मग क्रेटमध्ये उलटी ठेवून पूर्ण निथळू द्यायची, पुसायची नाही, कारण फडक्याइतकी घाण जागा दुसरी नसते. झाकणाच्या आतली रबरी कड वेगळी पाहावी लागते. आंबूस वास सर्वांत आधी तिथे धरतो. असं झाकण धुऊन वापरत बसायचं नाही, टाकून द्यायचं.

पहाटे भरण्याआधी प्रत्येक बाटलीच्या तोंडाला नाक लावून वास घ्यायचा. चाळीस बाटल्यांना काही मिनिटं जातात. लोणच्याचं तेल, फिनाईल, रॉकेल, यातलं काहीही त्या बाटलीत राहून गेलेलं असू शकतं. वास आला की ती बाटली बाद, पुन्हा धुवायचीही नाही. काच वास धरत नाही, झाकण आणि वळ्या धरतात, हे मला माहीत आहे. पण एका घरच्या चहाला वास आला तर त्यांना काच आणि झाकण यातला फरक सांगता येत नाही.

भरताना एक गोष्ट कळून ठेवण्यासारखी आहे. म्हशीच्या दुधावर साय लवकर धरते. कॅन अर्धा तास स्थिर राहिला तरी वरचं दूध दाट आणि खालचं पातळ होतं. कॅनला खाली नळ असेल तर पहिल्या दहा बाटल्यांत पातळ दूध जातं आणि शेवटच्या दहांत साय. बाटल्या रोज त्याच क्रमानं क्रेटमध्ये लावल्या तर रोज त्याच घरांना पातळ दूध मिळतं, आणि महिन्याभरात तीच घरं म्हणायला लागतात, 'ताई, हल्ली साय येत नाही.' दूध एकच असतं, तरी त्यांचं म्हणणं खरं असतं. म्हणून दर आठ-दहा बाटल्यांनंतर लांब दांड्याच्या ढवळणीनं तळापासून दूध हलवायचं. लॅक्टोमीटर आम्ही रोज लावतो, तोही ढवळून झाल्यावरच, नाहीतर आकडा काहीही सांगतो.

आता मार्ग. गिरणाऱ्याहून शहराकडे येताना दुगाव फाटा, गंगापूर गाव, सोमेश्वर, आनंदवली, मग सावरकरनगर आणि जेहान सर्कल असा रस्ता लागतो. आम्ही आनंदवली ते जेहान सर्कल एवढाच पट्टा घेतला. पुढे कॉलेज रोडला ओळखीची घरं होती आणि ती चांगला भावही द्यायला तयार होती. पण पहिलं घर आणि शेवटचं घर यात किती वेळ जातो यावर दुधाचं सगळं अवलंबून असतं. धार काढलेलं दूध अंगच्या उबेचं, साधारण सदतीस अंशांचं असतं. तसंच ठेवलं तर ताज्या दुधाचं स्वतःचं रक्षण दोनेक तासच टिकतं, पुढे आंबायला सुरुवात होते. सव्वापाचला धारा संपतात. म्हणून दूध गाळलं की कॅन लगेच बोअरच्या पाण्याच्या हौदात उभा करतो, उन्हाळ्यात त्या पाण्यात बर्फ. पावणेसहाला गाडी निघते, सव्वासहाला आनंदवलीतली पहिली बाटली, आणि साडेसातला शेवटची दारात पोचली पाहिजे. त्यानंतर घरातलं माणूस ते तापवेपर्यंत आणखी अर्धा तास जातो, तोही धरायचा.

या सव्वा तासात किती दारं होतात हे नकाशावरून कळत नाही. मी आणि दीर रतीब सुरू करायच्या आधी रिकाम्या बाटल्या घेऊन त्याच वेळेला तो पट्टा फिरलो, घड्याळ लावून. बंगल्याच्या फाटकाला पाऊण मिनिट पुरतं. लिफ्टच्या इमारतीत एका घरासाठी वर जाऊन येण्याला तीन-चार मिनिटं जातात, पण त्याच इमारतीत चार घरं असतील तर चौघांना मिळून सहा. लिफ्ट नसलेली तीन मजली इमारत चालते, फक्त बाटल्यांचं वजन धरायचं: भरलेली काचेची बाटली दीड किलोच्या आसपास असते, म्हणजे बारांचा क्रेट अठरा किलो. त्यामुळे आम्ही घरं शोधत फिरलो नाही, इमारती शोधल्या. एका इमारतीत तीन तरी घरं तयार झाली की ती घ्यायची. एकटं घर कितीही आग्रहाचं असलं तरी वाट पाहायला सांगायचं. बहुतेक वेळा त्या घरानंच शेजारच्या दोघांना तयार केलं.

गंगापूर रोडला दुभाजक आहे. शहराकडे जाताना डाव्या हाताची घरं आणि परत येताना समोरच्या बाजूची, असा मार्ग पडतो. पण आम्ही तो तसाच ठेवला नाही. प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारला: तुम्हाला दूध किती वाजता लागतं? शाळेची रिक्षा पावणेसातला येते त्या घरांना साडेसहाच्या आत हवं. सकाळी फिरायला जाणारे ज्येष्ठ सात-सव्वासातला परततात, त्यांना त्याआधी देऊन उपयोग नाही, बाटली दाराबाहेर तापत राहते. कंपनीत जाणाऱ्यांना सातपर्यंत. हे मांडल्यावर लक्षात आलं की शाळेची घरं बहुतेक सावरकरनगरात आहेत आणि ज्येष्ठांचे बंगले आनंदवलीकडे. म्हणून गाडी आनंदवलीत फक्त घाईची चार घरं करते, थेट सावरकरनगरात जाते आणि आनंदवलीची उरलेली घरं परतीच्या वाटेवर घेते. एकूण अंतर दोन-अडीच किलोमीटर वाढलं, पण बाटली दाराबाहेर पडून राहणं जवळजवळ थांबलं.

क्रेट या क्रमाच्या उलट लावायचे. शेवटच्या घरांचा क्रेट आत, पहिल्यांचा दाराशी. एक क्रेट रिकामाच न्यायचा, कारण पहिल्या घराची रिकामी बाटली ठेवायला जागा लागते, आणि पुढे भरलेले क्रेट रिकामे होतात तसे त्यांत कालच्या बाटल्या जातात. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवायची सवय आम्ही सगळ्यांना लावली. रात्री झोपताना रिकामी बाटली तीत, सकाळी तीच पिशवी भरलेली. बेल वाजवावी लागत नाही, आणि पिशवी कडीला नसेल तर त्या दिवशी खाडा आहे हेही कळतं.

क्रम पक्का ठेवण्याचा आणखी एक फायदा पहिल्या उन्हाळ्यात कळला. एका सकाळी फोन आला की दूध फाटलं. असा फोन आला की लोक आधी विचारतात, पाणी घातलं का? पाणी घातल्यानं दूध फाटत नाही, आम्लता वाढल्यानं फाटतं. मी वहीतला क्रम काढून आणखी घरांना विचारलं. एकाच घरी फाटलं असेल तर कारण बहुधा त्या घरची बाटली, झाकण किंवा त्यांचं पातेलं. सगळ्यांकडे फाटलं तर कॅन किंवा एखाद्या म्हशीचं सड, कासेची सूज, म्हणजे दगडी, सुरू झाली की काय ते पाहायचं. त्या दिवशी फाटलं होतं ते फक्त शेवटच्या आठ घरांत, परतीच्या वाटेवरच्या. म्हणजे दूध निघताना ठीक होतं, वाटेत तापलं. त्या बाजूचा क्रेट गाडीच्या मागच्या काचेशी होता आणि सात वाजल्यानंतर ऊन थेट त्याच्यावर येत होतं. आठही घरांचं त्या दिवसाचं दूध बिलातून वगळलं, क्रेटवर ओलं गोणपाट टाकायला सुरुवात केली आणि एप्रिल-मेमध्ये शेवटच्या दोन क्रेटमध्ये बाटल्यांच्या मधोमध बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. घरांचा क्रम लिहिलेला नसता तर आम्ही म्हशींत दोष शोधत बसलो असतो.

महिन्याचा हिशोब खाड्यांवर चालतो. आपल्याकडे घरोघरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, गोल काढतात, फुल्या मारतात. दूधवाल्याची वही आणि कॅलेंडर जुळलं नाही की महिन्याच्या एक तारखेला दारात वाद होतो, आणि पंचवीस दिवसांपूर्वी काय झालं हे दोघांनाही नीट आठवत नसतं. त्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, नोंद दारातच करायची. दिराच्या हातात मार्गाच्या क्रमानं छापलेला महिन्याचा तक्ता असतो, घर ओळीत आणि तारखा आडव्या. दिलेले लिटर आणि परत आलेल्या बाटल्या, असे दोन आकडे प्रत्येक चौकोनात. घरी येऊन आठवून लिहायचं नाही. दुसरी, पंधरा तारखेला प्रत्येक घराला व्हॉट्सॲपवर अर्ध्या महिन्याचा ताळा पाठवायचा: इतके लिटर, या तारखांचे खाडे, तुमच्याकडे इतक्या बाटल्या. फरक असेल तर तो तेव्हाच निघतो, दोन्ही बाजूंना आठवत असताना. एक तारखेला मग फक्त रक्कम कळवायची उरते.

खाडा आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचा. त्यानंतर कळवला तर तो लिटर बिलात धरला जातो. हा नियम कडक वाटतो, म्हणून पहिल्याच भेटीत कारण सांगते. रात्री आठला मला कळलं तर सकाळी तेवढं दूध मी केंद्रावर पाठवू शकते. गाडी निघाल्यावर कळलं तर ती बाटली सव्वाआठला गोठ्यावर परत येते, तोवर केंद्र बंद झालेलं असतं, आणि त्या दुधाचं फक्त दही लागतं. घरात कुणी आजारी पडलं किंवा अचानक दवाखान्यात जावं लागलं तर तो खाडा धरत नाही, तेवढी माणुसकी दोन्ही बाजूंना असावी लागते.

एका घराचं ऑक्टोबर २०२५चं बिल इथे मांडते. त्या महिन्यात कोजागिरी आणि दिवाळी दोन्ही आल्यामुळे सगळे प्रकार त्यात आहेत. रतीब रोज एक लिटर, भाव लिटरला ऐंशी रुपये, महिना एकतीस दिवसांचा. ६ तारखेला कोजागिरी. त्या रात्री मसाला दूध करायचं म्हणून संध्याकाळी दोन लिटर जादा. कोजागिरीला सगळ्यांनाच जादा दूध हवं असतं आणि तेही संध्याकाळी, म्हणून त्या एका दिवशी आम्ही दुपारचं दूध केंद्रावर न पाठवता शहरात नेतो. मागणी दोन दिवस आधी लिहून घेतो. २० तारखेला फराळासाठी एक लिटर जादा. २२ ते २५ ते कुटुंब भाऊबीजेला गावी, म्हणजे चार खाडे, वेळेवर कळवलेले. एकतीसातून चार गेले, सत्तावीस. त्यात तीन जादा, तीस लिटर. तीस गुणिले ऐंशी, दोन हजार चारशे. त्याच महिन्यात त्यांच्याकडून एक बाटली फुटली. तिचे पन्नास रुपये दुधाच्या बिलात घातले नाहीत. अनामत शंभरवरून पन्नासवर आली असं वेगळ्या ओळीत लिहिलं आणि ती पुन्हा शंभर करायला पन्नास रुपये वेगळे मागितले. दुधाचे पैसे आणि बाटलीचे पैसे एका आकड्यात मिसळले की पुढे घर सोडताना किती परत द्यायचे हे कुणालाच सांगता येत नाही. दुधाची थकबाकीही आम्ही अनामतीतून परस्पर कापत नाही.

बिल एक तारखेला जातं, सात तारखेपर्यंत पैसे यावेत अशी अपेक्षा. पगार महिन्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला होतात, आणि दहा तारखेनंतर मागणं अवघड होत जातं. बहुतेक घरं यूपीआयनं पाठवतात. पाठवताना त्यांनी फ्लॅटचा क्रमांक लिहावा असा आग्रह धरते, कारण बँकेत नाव बहुतेक वेळा मुलाचं किंवा सुनेचं असतं आणि माझ्या वहीत आजोबांचं. दोन-तीन घरं अजून रोख देतात. त्यांची सही तक्त्याच्या मागे घेते.

पैशाचं गणितही सांगून ठेवते. केंद्रावर सकाळच्या दुधाला आम्हाला लिटरमागे सरासरी बावन्न रुपये पडत होते, घरपोच ऐंशी. अठ्ठावीसचा फरक, चाळीस लिटरला रोज अकराशेवीस. त्यातून गाडीचा सीएनजी, बर्फ, सोडा, पाणी तापवण्याचं जळण, फुटलेल्या बाटल्या आणि झाकणं मिळून तीनशेच्या आसपास जातात. राहिलेल्या आठशेंत माझी धुण्याची दुपार आणि दिराची पहाट आहे, गाडीचा हप्ताही त्यातच. खाडे जास्त असले, जसे दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत, की फरकाचे पैसे तेवढे कमी होतात, पण गाडी तेवढेच किलोमीटर फिरते. मे महिन्यात घरं गावाला जातात आणि आमचंही दूध कमी होतं, हे एकमेकांना पूरक पडतं हा आमच्या पट्ट्याचा नशिबाचा भाग.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी बाटल्यांची मोजदाद करते. गोठ्यावर किती, घरांकडे तक्त्याप्रमाणे किती, फुटलेल्या किती, बाद केलेल्या किती. बेरीज मूळ खरेदीला जुळली पाहिजे. जुळली नाही तर फरक बहुतेक दोन लिटरवाल्या घरांत सापडतो, कारण तिथे एका दिवशी दोन दिल्या आणि एकच आली हे तक्त्यात लिहायचं राहून जातं.

सध्या जेहान सर्कलजवळच्या एका इमारतीतून पाच घरं मागे लागली आहेत. दीर म्हणतो, 'वहिनी, थंडीचं दूध आहे ना, घेऊन टाकू.' पाच लिटर म्हणजे दहा बाटल्या त्यांच्या घरी, पाच गोठ्यावर, म्हणजे पंधरा नव्या बाटल्या. इमारतीला लिफ्ट आहे, पाचही घरं एकाच जिन्याची, वेळ सात-आठ मिनिटांचा वाढेल, तो चालेल. अडचण मे महिन्याच्या दुधाची आहे. एक पारडी पहिल्यांदाच गाभण आहे आणि फेब्रुवारीत विणार आहे. ती व्याली, सकाळचं तिचं दूध पाच लिटरच्या वर टिकलं, की मार्चपासून ती घरं घेऊ. तोवर त्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर आहेत.